सदऱ्यावर ठिपके, शेजारचा शर्ट कोरा

प्रश्न : रत्नागिरीजवळ आमचे तळमजल्यावरचे घर आहे. झोपायच्या खोलीतले कपाट भिंतीत बसवलेले असून त्या भिंतीच्या मागे न्हाणीघर आहे. ठेवणीतले कपडे जूनच्या सुरुवातीला आत गेले, ते गणपतीच्या तयारीला लागलो तेव्हा बाहेर काढले. दार उघडताच कुबट वास आला. यजमानांच्या पांढऱ्या सुती सदऱ्याच्या पाठीवर आणि कॉलरवर मोहरीएवढे काळे ठिपके पडले होते. सासूबाईंच्या निळ्या सुती साडीवरही तसेच ठिपके होते. साडीचे काठ रेशमी आहेत. नवल हे, की सदऱ्याला अगदी चिकटून ठेवलेला पॉलिएस्टरचा शर्ट कोरा करकरीत निघाला! सदरा दोनदा साबणाने धुतला. वास गेला, पण ठिपके जसेच्या तसे आहेत. कपाटात डांबराच्या गोळ्या होत्या, पर्सच्या डब्यांतून जपून ठेवलेल्या सिलिकाच्या पुड्याही होत्या. ठिपके निघतील का? आणि पुढच्या पावसाळ्यात ते पुन्हा येऊ नयेत म्हणून काय करावे? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : तुमच्या प्रश्नातले नवलच आधी घेते, कारण बाकीची उत्तरे त्यातून निघतात.

सूत म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, आणि सेल्युलोजला पाण्याची ओढ असते. हवेत सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असेल तेव्हा हाताला कोरडा लागणारा सुती कपडाही आपल्या वजनाच्या साधारण ८ टक्के पाणी धरून असतो. आर्द्रता नव्वदीला टेकली की हेच प्रमाण १३ टक्क्यांच्या आसपास जाते. पॉलिएस्टर त्याच ६५ टक्क्यांच्या हवेत अर्धा टक्कासुद्धा पाणी धरत नाही. बुरशीचे बीजाणू दोन्ही कपड्यांवर सारखेच बसलेले असतात, कारण ते हवेत सगळीकडे आहेत. सदऱ्यावर त्यांना पाणी मिळाले आणि जेवणही मिळाले, शर्टावर दोन्ही नव्हते.

जेवण म्हणजे काय, तर सदऱ्याला घातलेली खळ. खळ म्हणजे स्टार्च, आणि बुरशीला सेल्युलोजपेक्षा स्टार्च कितीतरी सोपा जातो. कॉलरवर ठिपके जास्त का, याचेही उत्तर असेच आहे. तिथे मानेचा घाम आणि तेल मुरलेले असते, ते एका धुण्यात पूर्ण जात नाही. ठेवणीतला कपडा खळ घालून, कडक इस्त्री करून आत ठेवायची आपली पद्धत दिसायला छान असली, तरी कोकणातल्या पावसाळ्यापुरती ती बुरशीला वाढलेले ताट आहे.

आता ठिपके साबणाने का गेले नाहीत? कपड्यावर येणारा बुरा दोन प्रकारचा दिसतो. एक पांढरट-राखाडी, भुकटीसारखा. तो कापडाच्या वर बसलेला असतो, झटकला की उडतो आणि धुतला की जातो. दुसरे तुमचे काळे ठिपके. क्लॅडोस्पोरियमसारख्या काळपट बुरशा आपल्या पेशींच्या भिंतीत मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य साठवतात. आपल्या केसांना आणि त्वचेला रंग देणाऱ्या रंगद्रव्याच्याच कुळातले हे. बुरशीचे तंतू सुताच्या पिळात घुसतात आणि रंग तिथेच राहतो. तुमच्या धुण्याने बुरशी बहुतेक गेली असणार. वास थांबला ही त्याची खूण. उरला आहे तो तिचा रंग. बुरशी मारणे आणि डाग काढणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे लक्षात न आल्याने लोक सहाव्यांदा व्हिनेगर लावत बसतात. व्हिनेगरने काही बुरशा मरतात, पण मेलॅनिनचा रंग तो उडवू शकत नाही. रंग उडवायला ऑक्सिडीकरण करणारा पदार्थच लागतो, म्हणजे कुठले ना कुठले ब्लीच.

पण ब्लीचची बाटली उघडण्यापूर्वी ठिपका बुरशीचाच आहे ना, ते पाहा. कपाट लोखंडी असेल किंवा कपडे तारेच्या हँगरवर असतील, तर काही ठिपके गंजाचेही असतात. बुरशीचा ठिपका काळा किंवा हिरवट काळा असतो, आणि असे ठिपके घोळक्याने येतात. गंजाचा ठिपका तांबूस असतो, आणि धातू जिथे टेकला होता त्या रेषेतच येतो. हा फरक महत्त्वाचा आहे. गंजावर ब्लीच टाकले तर डाग जात नाही. उलट लोहामुळे ब्लीचचा मारा त्या जागी इतका वाढतो की पुढच्या एक-दोन धुण्यांत तिथे भोक पडते. गंजाला लिंबाचा रस आणि मीठ चोळून उन्हात ठेवायचे, वाळू लागले की पुन्हा रस पिळायचा, आणि शेवटी स्वच्छ धुवायचे. लिंबू-मीठ-ऊन हा आजीचा उपाय मुळात गंजाचा आहे. बुरशीच्या काळ्या ठिपक्यावर तो फिकट यश देतो, तेही बरेचसे उन्हाच्या जोरावर. ताकात भिजवण्याचा उपायही मी करून पाहिला आहे. ठिपके होते तिथेच राहिले, आणि सदऱ्याला दोन दिवस कढीचा वास येत होता.

पांढऱ्या कपड्यावर शंका राहिलीच, तर पाण्यात थोडे क्लोरीन ब्लीच मिसळून त्याचा एक थेंब आतल्या शिवणीजवळच्या ठिपक्यावर टाका. बुरशीचा ठिपका मिनिट-दोन मिनिटांत फिका पडू लागतो. काजळी किंवा धूळ तशीच राहते. थेंबाची परीक्षा झाली की ती जागा लगेच धुऊन टाका.

आधी सदरा

तुमचा सदरा धुऊन झाला आहे, पण ज्यांचे कपडे अजून कपाटातून काढल्यासारखेच आहेत त्यांनी ते पहिल्यांदा बाहेर, अंगणात किंवा गच्चीवर न्यावेत आणि उन्हात कडकडीत वाळवून मऊ ब्रशने झटकावेत. नाकाला फडके बांधावे. घरात दमेकरी माणूस असेल तर त्याला या कामाला लावू नये. खोलीत झटकलेली बुरशी खोलीतच राहते आणि दुसऱ्या कप्प्यात जाऊन बसते. ठिपके निघेपर्यंत कपड्याला इस्त्री लावू नका, उष्णतेने डाग धाग्यात अधिक घट्ट होतो.

सुरुवात ऑक्सिजन ब्लीचने करा. ही सोडियम परकार्बोनेटची पांढरी भुकटी असते. रंगीत कपड्यांसाठीचे डाग काढणारे म्हणून जी पावडर मिळते, तिच्या पाकिटावर हे नाव आहे का ते वाचून घ्या. पाण्यात पडली की तिच्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा सुटतो. रंग उडवायचे काम पेरॉक्साइड करते आणि सोड्यामुळे त्याला जोर येतो. थंड पाण्यात मात्र ही भुकटी जवळजवळ झोपलेली असते, म्हणून बहुतेकांचा पहिला प्रयत्न फसतो. पांढऱ्या सुतासाठी ६० अंशांचे पाणी हवे. त्यासाठी तापमापक नको : जितके तांबे उकळते पाणी तितकेच तांबे नळाचे पाणी प्लास्टिकच्या बादलीत घातले की झाले. अशा ५ लिटर पाण्यात भुकटीचे दोन मोठे चमचे विरघळवा. सदरा पूर्ण बुडेल असा ठेवून वर ताटली ठेवा, म्हणजे हवेने फुगून वर येणार नाही. पाच-सहा तास राहू द्या. पाणी निवले की काम मंदावते, म्हणून मधे एकदा थोडे गरम पाणी घाला. उरलेले द्रावण बाटलीत भरून बूच लावून ठेवू नका, त्यातून वायू निघत राहतो आणि बाटली फुटू शकते.

त्यानंतर नेहमीसारखे धुऊन सदरा ओला असतानाच उन्हात टाका. ओल्या सुतावर पडणारे ऊन स्वतःच रंग उडवते. पूर्वी कापड भिजवून गवतावर पसरायचे, ते याच कारणासाठी. ठिपके काळ्याचे राखाडी झाले असतील तर हीच सगळी कृती आणखी एकदा करा. नवे ठिपके बहुधा दोन फेऱ्यांत जातात. सगळा पावसाळा मुरलेले ठिपके मात्र हट्टी असतात.

दोन फेऱ्यांनंतरही ठिपके उरले, आणि कपडा शंभर टक्के सुती, पांढरा, साध्या विणीचा असेल, तरच क्लोरीन ब्लीचकडे वळा. घरगुती द्रव ब्लीचमध्ये ४ ते ५ टक्क्यांच्या आसपास सोडियम हायपोक्लोराइट असते. ४ लिटर थंड पाण्यात त्याचे चार मोठे चमचे, म्हणजे ६० मिलिलिटर, पुरतात. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, घड्याळ लावा आणि १० मिनिटांनी सदरा बाहेर काढा. इथे लोक दोन चुका करतात. एक, ठिपके जात नाहीत म्हणून रात्रभर भिजवतात. क्लोरीन आधी रंग खाते आणि मग सूत खाऊ लागते. सकाळी सदरा पांढराशुभ्र दिसतो आणि महिन्याभरात खांद्यावर फाटतो. दुसरी चूक जिवावरची आहे. या ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू किंवा संडास धुण्याचे आम्ल मिसळले की विषारी क्लोरीन वायू सुटतो. आधी लिंबू लावलेला कपडा नीट न धुता ब्लीचमध्ये टाकणे हेही त्यातच आले. अमोनिया असलेल्या काच पुसण्याच्या पाण्याशीही ब्लीचची गाठ घालू नका.

ब्लीचनंतर तीनदा खळखळून धुवा. तरीही सुतात थोडे क्लोरीन राहते आणि हळूहळू कपडा पिवळा पाडते. त्यावर हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, हा जुना उतारा आहे. शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानात पाण्यातले क्लोरीन मारायला जे पांढरे खडे देतात, ते बहुधा हेच. बादलीभर पाण्यात एक लहान चमचा खडे विरघळवून सदरा त्यात पाच मिनिटे बुडवा आणि पुन्हा धुवा. नीळ घालायची तर त्यानंतर, सर्वात शेवटी. आणि एक : 'सुरकुती न पडणारा' म्हणून विकलेल्या सुती शर्टाला क्लोरीन दाखवूच नका. त्याच्यावरचा राळेचा थर क्लोरीन धरून ठेवतो आणि शर्ट कायमचा पिवळा पडतो.

साडीचे वेगळे

साडी निळी आहे आणि काठ रेशमी आहेत, म्हणजे तिला क्लोरीन दोनदा वर्ज्य. निळा रंग उडेल हे तर आहेच, पण रेशीम हे प्रथिन असल्याने क्लोरीनमध्ये ते पिवळे पडते आणि पुढे विरघळू लागते. काठाला जर असेल तर तीही काळवंडते. परकार्बोनेटच्या बादलीतसुद्धा ही साडी बुडवू नका, त्यातला सोडा रेशमाला मानवत नाही. काठही सुतीच असते, तर ४० अंशांच्या पाण्यात, म्हणजे एका तांब्या उकळत्या पाण्याला पाच तांबे नळाचे पाणी घेऊन, तासभर भिजवायला हरकत नव्हती. तेही आतल्या कोपऱ्यावर रंगाची परीक्षा घेतल्यावर.

तुमच्या साडीसाठी औषधाच्या दुकानातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणा. जखमा धुण्यासाठी मिळते ते साधारण ६ टक्क्यांचे असते. त्यात तेवढेच पाणी मिसळा. आधी निऱ्यांच्या आत जाणाऱ्या टोकाला एक थेंब लावून अर्धा तास वाट पाहा. त्यावर पांढरा रुमाल दाबला आणि रुमालावर निळे उतरले, किंवा साडीवर फिका गोल दिसला, तर तिथेच थांबा. रंग टिकला तर ठिपक्याखाली जुना टॉवेल घडी करून ठेवा, कान साफ करायच्या कापसाच्या काडीने एकेका ठिपक्याला औषध लावा, दहा मिनिटांनी साध्या पाण्याने टिपून घ्या आणि पुन्हा लावा. काठापासून चार बोटे दूर राहा. काम कंटाळवाणे आहे. एका दुपारी वीस-पंचवीस ठिपके होतात. वाळवायची ती सावलीत.

ठिपका पूर्ण न जाता करडी सावली राहिली तर मी तिथे थांबेन. साडीच्या घड्यांत ती सावली दिसत नाही. ती घालवायच्या नादात निळ्यावर पडलेला पांढरा डाग मात्र दारातून आत येणाऱ्या पाहुण्यालाही दिसतो.

कपाटातले पाणी कुठून येते

आता परत न येण्याचे. तुमच्या कपाटात पाणी दोन वाटांनी येते. पहिली वाट सगळ्यांना दिसते, ती भिंत. खोलीत ३० अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रता आहे असे धरा. पावसाळ्यात कोकणात हा कोरडा दिवसच म्हणायचा. न्हाणीघराची भिंत सतत ओली राहून २६ अंशांपर्यंत निवलेली असेल, तर तिला टेकलेली तीच हवा ९५ टक्क्यांच्या जवळ जाते. नवे पाणी न येता, निव्वळ हवा गार झाल्यामुळे. बुरशीला साधारण ७० टक्क्यांच्या वर फावते. म्हणून समोरच्या रांगेतले कपडे ठीक असतात आणि मागच्या रांगेतले, त्यातही खालच्या कप्प्यातले, आधी बिघडतात. सदऱ्याच्या पाठीवर ठिपके होते असे तुम्ही लिहिले आहे. तो पाठ मागे करून ठेवला होता का, हे आठवून पाहा.

भिंतीतून खरोखर पाणी झिरपते आहे की हवेतलेच पाणी तिच्यावर जमते आहे, हे ठरवायला एक स्वस्त परीक्षा आहे. मागचा कप्पा रिकामा करा. हातभर लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने पक्का चिकटवा आणि दोन दिवसांनी पाहा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे, दव असेल तर पाणी भिंतीतून येते आहे. मग गवंडी आणि प्लंबर यांना पर्याय नाही, कितीही पुड्या ठेवल्या तरी. दव खोलीच्या बाजूला असेल तर भिंत नुसती गार आहे. तेव्हा कपडे मागच्या फळीपासून चार बोटे पुढे ठेवणे आणि सुतारकाकांकडून कपाटाला वर-खाली जाळीच्या झडपा करून घेणे, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. मागची फळी कच्च्या प्लायची असेल तर बुरशी तिच्यातही मुरलेली असणार. ती साबणाच्या पाण्याने घासून, पंखा लावून दोन दिवस कडक वाळवून, मग तिला रंगाचा हात द्या. नाहीतर धुतलेला सदरा त्याच फळीजवळ परत जाईल.

दुसरी वाट कोणाच्या लक्षात येत नाही. कपडे स्वतःच पाणी घेऊन आत जातात. तुमच्या कपाटात २० किलो सुती कपडे आहेत असे समजू. मे महिन्यात उन्हातून काढून ठेवले तर त्यांच्यात ८ टक्के, म्हणजे सुमारे १६०० ग्रॅम पाणी असते. तेच कपडे जुलैत दोरीवर 'वाळले' म्हणून आत ठेवले, तर १३ टक्क्यांनी २६०० ग्रॅम. म्हणजे हाताला कोरडे लागणारे कपडे ठेवता ठेवता तुम्ही एक लिटर पाणी कपाटात भरून दार लावले. आता सिलिकाच्या पुडीचा हिशोब करा. सिलिका आपल्या वजनाच्या फार तर ३०-४० टक्के पाणी शोषते. पर्सच्या डब्यातली पुडी ५ ग्रॅमची धरली, तर तिने दोन ग्रॅम पाणी घेतले. एक लिटरसाठी अशा पाचशे पुड्या लागतील. शिवाय जपून ठेवलेली जुनी पुडी हवेतले पाणी पिऊन आधीच तृप्त झालेली असते. छोट्या बंद डब्यात, दागिन्यांपाशी, ती उपयोगी आहे. कपाटात नाही.

पाणी जमवणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे बाजारात मिळतात, त्यांची ताकद जास्त असते. पण त्यांत साचते ते खारे, चिकट पाणी. डबा कलंडून ते कपड्यावर सांडले की नवी कटकट. ठेवायचाच तर सर्वात खाली, परातीत ठेवा आणि भरला की फेका. कळीचा चुना वाटीत ठेवायची जुनी रीत काही घरांत अजून आहे. तो पाणी ओढतो खरा, पण ओढताना तापतो आणि डोळ्यांत गेला तर इजा करतो. मुले असलेल्या घरात मी तो ठेवणार नाही.

म्हणून खरा इलाज मेमध्येच करावा लागतो. ठेवणीतले सुती कपडे वैशाखाच्या उन्हात दोन दुपारी टाका. त्याआधी धुवून खळ पूर्ण काढा. खळ हवीच तर ती नेसायच्या आदल्या दिवशी घाला. उन्हातून आणलेला कपडा तासभर घरात निवू द्या आणि त्याच दिवशी, संध्याकाळची दमट हवा लागण्याआधी, जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून हवा दाबून काढा आणि तोंड घट्ट बंद करा. प्लास्टिकला लोक नावे ठेवतात, कारण त्यांनी त्यात ओलसर कपडा भरलेला असतो. ओल आत असेल तर प्लास्टिक ती कोंडते. ओल बाहेर असेल तर तेच प्लास्टिक ती बाहेर ठेवते. आपल्याकडची जुनी पत्र्याची पेटी हेच काम करत असे. उन्हाळ्यात भरायची, आणि पावसाळा संपेपर्यंत तिला हात लावायचा नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये जे कपडे रोज लागतात त्यांना हे लागू नाही. ते पंख्याखाली वाळवून, वाफ न वापरता इस्त्री करून ठेवा, आणि शक्यतो उघड्या मांडणीवर ठेवा. धुणे त्याच खोलीत वाळत घालू नका : यंत्रात पिळून काढलेल्या ५ किलो कपड्यांत अजून दोन-अडीच लिटर पाणी असते, आणि ते सगळे त्या खोलीच्या हवेत जाते. 'कपाटाला हवा लागू दे' म्हणून भर पावसात दार उघडे टाकण्यानेही काही साधत नाही. बाहेरची हवा आतल्यापेक्षा ओली असते. दार उघडायचे ते उघडीप असेल त्या दिवशी, दुपारी. आर्द्रता दाखवणारे छोटे घड्याळ फार महाग नसते. ते मागच्या खालच्या कप्प्यात ठेवा, बाहेर भिंतीवर नको. आकडा ६५ च्या खाली राहिला तर निश्चिंत राहा.

राहिल्या डांबराच्या गोळ्या. त्या कसरीसाठी आहेत. त्यांचा बुरशीशी संबंध नाही. तान्ह्या बाळाच्या कपड्यांत तर त्या ठेवूच नयेत : काही बाळांच्या रक्तात एका एन्झाइमची जन्मजात कमतरता असते, आणि नॅफ्थलीनने त्यांच्या तांबड्या पेशी फुटतात. कडुलिंबाचा पालाही कीटकांसाठीच. तो ताजा ठेवला तर ओलीत भरच घालतो.

प्रश्न : बुरशी कापड नुसते डागाळते की खातेही? — एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : खाते. मात्र आधी खळ, घाम, मळ असे सोपे पदार्थ संपवते, आणि सूत फोडू शकणाऱ्या बुरशा मोजक्या असतात. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू आणि गणवेश इतक्या झपाट्याने कुजू लागले की लष्कराने शास्त्रज्ञांना त्यामागची बुरशी शोधायला लावले. सॉलोमन बेटांवरच्या तंबूच्या कापडातून मिळालेल्या एका बुरशीला पुढे त्या कामातल्या एल्विन रीस यांच्यावरून ट्रायकोडर्मा रीसाय हे नाव मिळाले. सेल्युलोज तोडणारी एन्झाइमे ती भरभरून तयार करते. ज्या बुरशीने तंबू कुजवले तिचीच एन्झाइमे आज नव्या जीन्सला जुनाट, विटके रूप द्यायला वापरतात. तुमच्या कपाटातल्या काळ्या ठिपक्यांची बुरशी सहसा इतकी खादाड नसते, पण ओल महिनोन्‌महिने टिकली तर धागा कमजोर होतोच.

प्रश्न : आईने शिवलेली गोधडी माळ्यावर होती. तिच्यावर काळे ठिपके आहेत. धुवावी की टाकावी? — एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : गोधडीत जुन्या लुगड्यांचे चार-सहा थर असतात, आणि वर दिसतो तेवढाच बुरा असतो असे नाही. आधी टाक्यांजवळचे कापड दोन अंगठ्यांमध्ये धरून हलकेच ताणा. ते टिकले तर उन्हात दोन दिवस दोन्ही बाजूंनी वाळवा, झटका आणि कोमट पाण्यात परकार्बोनेट घालून टबमध्ये भिजवा. जुन्या लुगड्यांचे रंग उतरतील, ते चालणार असेल तरच. पिळू नका, खाटेवर आडवी पसरून वाळवा. आतल्या थरांना वाळायला सलग तीन कोरडे दिवस लागतात, म्हणून हे काम पाऊस पूर्ण गेल्याशिवाय काढू नका. आणि ताणताना कापड चरचरले, तर ते सूत संपले आहे. धुण्याने ते हातात येईल. अशी गोधडी न धुता, उन्हात वाळवून आणि ब्रशने झटकून, पिशवीत बंद करून ठेवा. पांघरू मात्र नका.